सकुबाईची मूठ

वैशाखरे गावात तेव्हा मापं घरोघर होती, पण चुलीपाशी त्यांना कोणी विचारत नसे. पायली आणि शेर कणगीजवळ पडून राहायचे. चुलीपाशी चाले तो हात. माणशी ओंजळभर तांदूळ, दोन बोटांची चिमूट हळद, नखावर राहील एवढा हिंग, आणि तेल पळीनं. पळी भरायची नाही, कलती धरायची, म्हणजे कडेला जेवढं राहील तेवढंच. गावातल्या साऱ्या बायका असंच रांधायच्या. पण गावदेवीच्या जेवणात मीठ घालायचा मान एकट्या सकुबाईचा होता.

हा मान साधा नव्हे. देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी रांधलेलं जिभेला लावायचं नाही, ही गावची रीत. आमटीची चव घेऊन बघणं म्हणजे देवीच्या आधी जेवणं. सारं गाव जेवणार, एवढा मोठा हंडा, आणि चव न घेता मीठ घालायचं! सकुबाई पदर खोचून पुढे यायची. पायलीभर डाळीला दोन मुठी आणि वर पाचही बोटांची एक चिमूट. मूठ हंड्यावर धरून हळूहळू सोडायची. मागाहून कोणी कमी म्हणालं नाही, जास्त म्हणालं नाही. तिच्या सासूनं हा मान तिच्या हाती दिला, तेव्हा एवढंच सांगितलं होतं, ‘‘माप डोल्यात नसतं गो. बोटांना भार कलतो. खडे टोचले आनि मूठ जड झाली, का थांबायचं.’’

सकुबाई थांबायची. वर्षानुवर्षं.

त्या चैत्रात तर तिचं कौतुक आणखी वाढलं होतं. उकळत्या हंड्यावरचं झाकण ती फडक्याशिवाय उचलायची. शेजारची धोंडीबाई भेटेल तिला सांगायची, ‘‘आमच्या सकूबायचा हात लोखंडाचा हाय. इस्तवाला बी भीत नाय.’’ सकुबाई हसायची. आतून तिला ते आवडायचं.

गावदेवीच्या दिवशी आंब्याखाली चुली मांडल्या. मिठाची टोपली घरून आणली तिची सून चंद्रकला हिनं. वाशिंदकडची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हंडा खदखदत होता, धूर डोळ्यांत जात होता. सकुबाईनं तोंड एका बाजूला फिरवलं, हात टोपलीत घातला, मूठ भरली आणि सोडली. पुन्हा भरली आणि सोडली. मग चिमूट.

नैवेद्य झाला. लडकू भगतानं पहिला घास घेतला. घास तोंडातच थांबला. त्यानं सकुबाईकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि गिळायला पाणी मागितलं.

‘‘काय झालं लडकूदादा?’’ सकुबाईनं विचारलं.

‘‘सकू,’’ तो हळू म्हणाला, ‘‘आमटी खारट झाली.’’

कोणाचा विश्वास बसेना. धोंडीबाईनं बोट बुडवून चाटलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. ‘‘अगो बाय! देवीला आज खाडी पाजलीस काय?’’

कोणी हसलं, आणि लगेच गप्प झालं. आपली मूठ चुकली, हे सकुबाईच्या मनात शिरेच ना. ती वळली आणि सुनेवर कडाडली.

‘‘माज्या मिठाला हात कोनी लावला?’’

चंद्रकला पुढे आली. ‘‘मी, आत्या. काल पाट्यावर वाटलं. खडे लवकर विरत नाय म्हनून. आमच्याकडे वाटूनच घालतात.’’

बायकांनी सुस्कारा टाकला. उलगडा झाला होता. खड्याच्या मिठात खड्याखड्यांमध्ये फट असते. वाटलेलं मीठ ठासून बसतं. मूठ तेवढीच, पण आतलं मीठ जास्त. धोंडीबाई म्हणाली, ‘‘घ्या! सुनेनं सासूचं नाक कापलं.’’ सकुबाईचा जीव भांड्यात पडला. तिचा हात शाबूत होता. आता सुनेला चार शब्द सुनावले की झालं.

तेवढ्यात चंद्रकला रडत रडत म्हणाली, ‘‘पन आत्या, मूठ भरली तवा मऊ नाय लागलं? पिठासारखं होतं ना ते.’’



खडे टोचले का मघाशी? सकुबाईला आठवेना. तिनं टोपली ओढली आणि उजवा हात मनगटापर्यंत खुपसला. डोळे मिटले. हाताला काहीच सांगता येईना. खडा आहे की पीठ, हे नाहीच, पण हात टोपलीत आहे की बाहेर, हेही कळेना. तिनं डावा हात घातला. मऊ, गार, वस्त्रगाळ पिठासारखं मीठ बोटांतून घसरलं.

तिनं उजवा तळवा उजेडात धरला. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे फोड होते. एक फुटलेला, एक टपोरा. झाकण उचलताना आले असावेत. दुखत एकही नव्हता. मनगटाजवळ एक फिकट चट्टा होता, तो तिनं कितीदा पाहिला होता आणि उन्हाचा म्हणून सोडून दिला होता.

धोंडीबाई दोन पावलं मागे सरली. असला चट्टा सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेला होता.

सुनेवर ढकलून देणं अजूनही सोपं होतं. सकुबाईनं टोपली खाली ठेवली.

‘‘चूक पोरीची नाय,’’ ती म्हणाली. ‘‘मीठ बारीक हाय हे माज्या हाताला कलाया पायजे होतं. हातच गेला माजा.’’

आमटीत बिनमिठाची शिजलेली डाळ आणि आधण ओतून माणसं कशीबशी जेवली. सकुबाई जेवली नाही.

बैलगाडीनं तिला मुरबाडला नेलं. डॉक्टरनं डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचली आणि विचारलं, कुठे टोचलं? ती वाट बघत राहिली. त्याचं टोचून कधीच झालं होतं. महारोग, तो म्हणाला. घरी येऊन तिनं आपली वाकळ पडवीत घातली आणि ताटवाटी वेगळी केली. कोणी सांगायच्या आधीच.

पुढचा चैत्र जवळ आला. लडकू भगत अंगणात, जरा लांबच बसला. ‘‘मीठ कोनी घालायचं, सकू? तुजी सून हाय, पन तिची मूठ ल्हान.’’

सकुबाईनं चंद्रकलेला खड्याचं मीठ आणि एक घासलेली करवंटी आणायला सांगितलं. मिठात तिनं उजवा हात घातला. बोटं नीट मिटेनात, तेव्हा डाव्या हातानं एकेक बोट मिटवलं, जशी तान्ह्या पोराची मूठ मिटावी. मूठ उचलून करवंटीत सोडली. ‘‘अशीच. खडे टोचत असतील बघ,’’ ती म्हणाली. ‘‘मला सांग, टोचतात का?’’

चंद्रकलेनं विळ्याच्या टोकानं करवंटीत मिठाच्या रेषेवर खूण कोरली. सकुबाईनं ते मीठ ओढ्यात टाकायला लावलं आणि करवंटी राखेनं, मग उकळत्या पाण्यानं धुऊन घ्यायला सांगितली. ‘‘खड्याचंच घाल. आनि चिमूट तुजी राहू दे. ती करवंटीत मावत नाय.’’

गावदेवीच्या दिवशी चंद्रकलेनं खुणेपर्यंत करवंटी भरली, ओतली, पुन्हा भरली, ओतली. मग डोळे मिटून पाच बोटांची चिमूट टाकली. सकुबाई बांधापलीकडे जांभळीखाली बसली होती. तिथून पानं दिसत नव्हती, लडकूचं तोंड तेवढं दिसत होतं.

त्यानं पहिला घास घेतला. चावला. गिळला. आणि आणखी आमटीसाठी द्रोण पुढे केला.

सकुबाईनं मांडीवरचा उजवा हात डाव्या हातात घेतला आणि त्याची बोटं हळूहळू मिटवली.