तिसऱ्या दर्जाच्या फायली

माझा धाकटा भाऊ खराडीला आयटी कंपनीत नोकरी करतो आणि घरीही ऑफिसातल्यासारखाच वागतो. आमच्या कोथरूडच्या घरातल्या दोन जुन्या हार्ड डिस्क आणि तीन फोन यांतलं सगळं एका नव्या डिस्कवर हलवायचं त्याने ठरवलं. आधी यादी: फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं, ऑडिओ. प्रत्येकापुढे महत्त्व, एक, दोन किंवा तीन. तीन म्हणजे कॉपी करायचं नाही. मग जुनी उपकरणं पुसून विकायची.

त्याच्या ट्रेकचे फोटो एक नंबरात होते. एकाच सुळक्याचे सात. आणि माझ्या जुन्या फोनमधली सगळी कॉल रेकॉर्डिंग्ज तीनमध्ये.

मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होते तेव्हा आई मला रोज फोन करायची. त्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. फायलींना नाव नाही, नुसता नंबर आणि तारीख. पक्षाघातानंतर आईची वाचा गेली. तिचं बोलणं आता फक्त तिथेच आहे.

"हे तीनमध्ये कसं?" मी विचारलं.

"ताई, पाच वर्षांत एकदाही ओपन केलेलं नाहीये. जे ओपन होत नाही ते तीन. सिंपल रूल आहे."

माझं डोकंच फिरलं. "लॉकरमधले आईचे दागिनेही पाच वर्षांत कोणी बाहेर काढलेले नाहीत. तेही भंगारात घालू या का?"

"तू इमोशनल होतेस."

"नाही, मी चिडले आहे. दोन्हींतला फरक कळत नसेल तर त्याचाही एक कॉलम घाल."

मी ती रेकॉर्डिंग्ज न ऐकण्याचं कारण त्याला सांगितलं नाही. आई शेजारच्या खोलीत गप्प बसलेली असताना फोनमधून तिला बोलताना ऐकणं मला झेपत नाही. नियम करणाऱ्याला हे सुचायला हवं होतं.

फाईल उघडून दाखवल्याशिवाय तो मानेना. मी हाताला आली ती लावली. आईचा ठणठणीत आवाज आला, "त्या धाकट्याला सांग, आईला फोन केला तर नोकरी जात नाही म्हणावं."

भावाने तीन खोडून एक केलं. मला त्याचा जास्तच राग आला. माझ्या सांगण्याने नाही बदललं ते, स्वतःचा विषय निघाल्यावर बदललं.

तेवढ्यात आतून काठी आपटल्याचा आवाज आला. आईला काही हवं असलं की ती तशी आपटते. आम्ही दोघं आत गेलो. तिने माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. मी पुन्हा लावलं. संपल्यावर तिने पुन्हा काठी आपटली.

यादी करताना तिला विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.