दोन करार, एक सही

नंदुरबारच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मी फिटर होतो. कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईला. पूर्व आफ्रिकेत तिच्या पोटकंपनीची कापसातली सरकी काढायची एक जिन होती, तिथली यंत्रं लावायला माणूस हवा होता. आमच्या मॅनेजरांनी माझं नाव कळवलं.

मुंबईहून पत्र आलं. तीन वर्षं तिकडे काम, नोकरी मात्र मूळ कंपनीचीच, सेवा अखंड, परतीचं भाडं कंपनीचं. परदेशी जाणाऱ्या कामगारांची नोंद करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर मी मुंबईत करारावर सही केली. त्याने परतीचं कलम मोठ्याने वाचून दाखवलं आणि समजलं का, असं दोनदा विचारलं. समजलं होतं.

तिथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरने दुसरा छापील कागद पुढे केला. परमिटसाठी लागतो, म्हणाला. मी सही केली. त्यात शेवटी ‘यापूर्वीचे सर्व करार रद्द’ असं होतं. माझं इंग्रजी यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीपुरतंच होतं.

काम चांगलं चाललं. पगारवाढीचं पत्र दर वर्षी मुंबईहून यायचं. पहिलं वर्षभर मुंबईच्या प्रॉव्हिडंट फंडातही कपात जात होती. मग ती थांबली. मी विचारलं तेव्हा तिथला मॅनेजर म्हणाला, पगार आता आम्ही देतो, मुंबईचा फंड तुला कसा मिळेल? नंतर तिथल्या सरकारने स्वतःचा फंड काढला, त्यात पैसे कापायला लागले.

तिसऱ्या वर्षी जिन बंद झाली. एक महिन्याची नोटीस हातात पडली, भाड्याचं नाव नाही. मुंबईला लिहिलं. उत्तर आलं, आपण तेथील कंपनीचा करार स्वीकारला आहे, सबब आमच्याशी आपला संबंध राहिला नाही. तिथल्या मजूर अधिकाऱ्याने नोटिशीचा आणि राहिलेल्या रजेचा पगार मिळवून दिला. ते इथल्या कायद्यात बसतं, म्हणाला, पण परतीचं वचन तुझ्या देशातल्या कंपनीने दिलंय, ते तिथेच माग. तिथल्याच एका गुजराती दुकानदाराने बोटीच्या तिकिटाची सोय केली म्हणून घर दिसलं.

फॅक्टरीत गेलो तर नवे मॅनेजर शांतपणे म्हणाले, तुमचं नाव मस्टरवर नाही. जाण्याआधी पाच वर्षं मी ज्या इंजिनाचा आवाज सांभाळला ते भिंतीपलीकडे चालू होतं, आणि मला आत जाता येत नव्हतं.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. तापीकाठच्या मळ्यात केळीला पाणी सोडता सोडता त्यांनी एवढंच विचारलं, “मंग आते तू नेमका कोना नोकर शेस?”

मी कोणाचा नोकर, या प्रश्नाने मला राग आला तो वडिलांचा नाही, माझ्याच सहीचा.

युनियनने वाद उचलला आणि धुळ्याचे एक वकील दिले. त्यांनी दोन्ही करार टेबलावर शेजारी ठेवले, बराच वेळ वाचले, मग दुसऱ्याच्या तळाशी बोट ठेवलं.

“इथे मुंबईच्या कंपनीची सही कुठे आहे?”

नव्हती. माझी आणि पोटकंपनीची, दोनच सह्या.

ते म्हणाले, रोजचं काम, तास, तिथली रजा, हे तिथल्या करारावर चालेल. पण मूळ नोकरी संपवायची तर मूळ मालकाने आणि तुम्ही मिळून संपवली पाहिजे. तिसऱ्याशी केलेल्या कागदाने ती संपत नाही. शिवाय पगारवाढ मुंबईच ठरवत होती, म्हणजे तुम्हाला ते आपलाच माणूस समजत होते.

मजूर खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर सात तारखा पडल्या. दोनदा कंपनीचा माणूस आलाच नाही, एकदा येऊन कागद विसरला. नंदुरबार ते धुळे एस.टी.ने जायचं, बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. पगारवाढीची पत्रं समोर ठेवल्यावर शेवटी कंपनी वाकली. जुन्या जागी घेतलं, सेवा अखंड धरली, बोटीचं भाडं दिलं.

फंडाचं मात्र जमलं नाही. कंपनीच्या फंडाचे नियम असे, की ज्या पगारातून कपात झाली नाही त्यावर कंपनीचा वाटाही नाही. नोकरी अखंड, फंड तुटका. तिथल्या सरकारी फंडातले पैसे देश कायमचा सोडल्याचं सिद्ध केल्यावर मिळणार होते. मी फॉर्म मागवला. त्यावर मालकाची सही आणि शिक्का हवा होता. मालक म्हणजे ती पोटकंपनी, जी गुंडाळली गेली होती.

मी मुंबईला लिहिलं, सही तुम्ही करा. उत्तर आलं, ती कंपनी वेगळी आहे, तिच्या वतीने आम्हाला सही करता येणार नाही. मी पुन्हा लिहिलं, तिकडच्या फंडालाही लिहिलं. त्यांनी तोच फॉर्म नव्याने पाठवला.