न लिहिलेलं औषध

तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चर्चच्या जरा अलीकडे, ह्युबर्ट फर्नांडिसचं औषधाचं दुकान होतं. एकतीस वर्षं त्यानं ते एकट्यानं चालवलं. माणूस तोंडभर बोलणारा, पण औषध मोजूनमापून देणारा. कुठल्या घरातल्या पोराला कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुणाच्या म्हाताऱ्याला गोळी गिळवत नाही, सगळं त्याला तोंडपाठ. बायको डोरथी वारली त्या वर्षीसुद्धा त्यानं दुकान आठ दिवसांपलीकडे बंद ठेवलं नाही. लोक त्याला ‘अंकल’ म्हणत आणि अडीनडीला ‘डॉक्टर’ही. तो हसून म्हणे, “डॉक्टर न्हय रे, दुकानदार.” पण ते ऐकायला त्याला आवडत असे, हे खोटं कशाला सांगा?

बंदराच्या वाडीतली मुबश्शिरा लग्न होऊन गावात आली तेव्हापासून त्याच्याकडूनच औषधं नेई. नवरा कमरुद्दीन ट्रॉलरवर, गेला की आठ-दहा दिवस पत्ता नाही. त्यांचा मुलगा शाहीद चार वर्षांचा. सोमवारी त्याचा डावा कान ठणकायला लागला. आधी चार दिवस सर्दी होतीच. तिनं त्याला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टर अनुजानं कानात बत्तीचा उजेड टाकून पाहिलं. एकाच कानाचा पडदा लाल होऊन फुगलेला, ताप थोडा, पोर खात-पीत, खेळत होतं. तिनं फक्त तापाचं आणि दुखण्याचं सिरप वजनाप्रमाणे लिहिलं. खाली नीट मराठीत लिहिलं: अँटिबायोटिक सध्या नको. बुधवारी परत दाखवा. ताप वाढला, कान वाहू लागला, कानामागे सूज आली किंवा कान पुढे आला, तर त्याच दिवशी या.

तो कागद ह्युबर्टनं वाचला. त्याला तो पटलाही. अशी निम्मीअधिक पोरं आपोआप बरी होतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

मंगळवारी संध्याकाळी मुबश्शिरा परत आली. डोळे सुजलेले.

“अंकल, झील रातभर रडता. माका काय सुचना नाय. डॉक्टरीण म्हणता थांब. किती थांबू? कायतरी दी.”

“उद्या जातलंस मा गो तिच्याकडे?”

“उद्यापर्यंत कोण बघता? घरात मी एकटी.”

तिचा रडवेला चेहरा त्याला बघवेना. मागच्या फळीवर अझिथ्रोमायसिनच्या बाटल्या होत्या. दिवसातून एकदा, तीन दिवस, चवीला गोड. पोरं थुंकत नाहीत. चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, पण एकतीस वर्षांत असं कितीदा झालं असेल, आणि वाईट कुणाचं झालं होतं? त्यानं बाटलीत पाणी घालून औषध हलवलं आणि बाटली मापासकट तिच्या हातात दिली.

“तापाचाच आसा. जरा जोरदार. तीन दिवस दी.”

अँटिबायोटिक हा शब्द त्यानं मुद्दाम टाळला. उगाच ती घाबरेल, किंवा डॉक्टरणीला सांगेल.

बुधवारी ताप उतरला. शाहीद झोपला. मुबश्शिरा आरोग्य केंद्रात गेली नाही. कशाला जाणार? अनुजानं वाट पाहिली आणि दुपारी केंद्राच्या आशाताईला, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला, तिच्या घरी धाडलं. “बरो आसा,” असं मुबश्शिरानं दारातूनच सांगितलं. सांगताना ती खरंच बोलत होती.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी ती साबण घ्यायला आली. शाहीद तिच्या खांद्यावर मान टाकून होता.

“तेका काय झाला गो?”

“काय नाय. सुस्त झालोहा. चलताना पडता. सकाळी ओकलो. जरा अंग गरम लागता.”

ह्युबर्टनं मान वाकवून पाहिलं आणि त्याच्या हातातला साबण खाली पडला. पोराचा डावा कान उजव्यासारखा नव्हता. तो पुढे आणि खाली ढकलल्यासारखा उभा होता. मागची घडी बुजून गेली होती, कातडी लाल आणि चकचकीत. त्यानं केस बाजूला करून बोट नुसतं टेकवलं. शाहीद असा किंचाळला, की रस्त्यावरची बाई थांबली.

ह्युबर्टनं शटर ओढलं. गल्ल्याला कुलूपसुद्धा लावलं नाही. गाडी काढली आणि दोघांना घेऊन थेट कुडाळचं हॉस्पिटल गाठलं.

कान-नाक-घशाचे डॉक्टर दत्तप्रसाद पोराला तपासत होते. सुई टोचून सलाईन लावायची तयारी चालली होती. त्यांनी विचारलं, “या दहा दिवसांत कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?”

“नाही डॉक्टर,” मुबश्शिरा ठामपणे म्हणाली. “फक्त तापाचं.”

ह्युबर्ट दाराशी उभा होता. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं.

“दिलंय,” तो म्हणाला. “अझिथ्रोमायसिन. तीन दिवस. मी दिलं. तिला सांगितलं नव्हतं.”

मुबश्शिरानं वळून पाहिलं. पोराला तिनं आणखी जवळ घेतलं.

स्कॅन झाला. कानामागच्या हाडातल्या जाळीला कीड लागल्यासारखं झालं होतं आणि कातडीखाली पू साठला होता. शिरेतून औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून पू काढला, सडलेलं हाड खरवडलं, पडद्यात बारीक नळी बसवली.

बाहेर बाकावर बसलेल्या ह्युबर्टपाशी दत्तप्रसाद आले.

“तुमच्या औषधानंच हे झालं, असं मी म्हणणार नाही. हे औषध न घेताही कुणाला होतं. पण कानातल्या जंतूंवर ते आता पुष्कळदा चालत नाही. जंतू अर्धवट दबतात. ताप कमी, दुखणं कमी, आणि आत हाड खात राहतात. तुम्ही सांगितलंत म्हणून मला औषध नीट ठरवता आलं.”

“कान?”

“जीव वाचला. पू आतल्या कानापर्यंत गेला होता. त्या कानानं ऐकू येईल असं वाटत नाही.”

ह्युबर्ट नंतर अनुजाकडेही गेला आणि सगळं सांगितलं. तिनं टेबलावरचे कागद बाजूला सारले.

“काका, थांबा म्हटलं म्हणजे सोडून दिलं नव्हतं. बुधवारी मी परत बघणार होते. ताप तसाच असता तर कानाला लागू पडणारं अमॉक्सिसिलिन दिलं असतं, वजनाप्रमाणे भरपूर. तुमच्या बाटलीनं तो बुधवारच माझ्याकडून काढून घेतला.”



कमरुद्दीन समुद्रावरून आल्यावर दुकानात आला. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, “अंकल, तुम्ही गाडी काढलात, खरा बोललात. ता मी विसराचंय नाय. पण माफ करूक माका जमाचा नाय.” आणि गेला. त्यानंतर त्या घरातलं कुणी दुकानाची पायरी चढलं नाही. औषधं ते दूरच्या दुकानातून आणतात.

चिठ्ठी नसेल तर ह्युबर्ट आता देत नाही. बाया चिडतात, “एवढा काय अंकल!” म्हणतात. तो कारण सांगत नाही. हात जोडतो आणि आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवतो.

मागच्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी तो दुकानाबाहेर उभा होता. शाहीद, आता पहिलीत गेलेला, दप्तर घेऊन एकटाच चालला होता, मागून एक टेम्पो येत होता.

“शाहीद! कडेक हो रे!” ह्युबर्ट ओरडला.

पोरानं ऐकलं, पण एका उजव्याच कानानं. तो थांबला आणि आवाज कुठून आला म्हणून उलट्या बाजूला, माडांकडे पाहू लागला. टेम्पो हळू झाला, वळसा घालून गेला. शाहीद अजून तिकडेच बघत होता.