दातात दोर धरणाऱ्यांची भाषा

रेवसजवळच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि स्वतःला लेखक समजत होतो. स्नेहसंमेलनासाठी मी एका काल्पनिक बेटावरच्या लोकांचं नाटक लिहिलं. ते आपसात ‘झिंगा लाला’ छापाचं काहीतरी बडबडत. आमच्या शाळेत कोळीवाड्यातून आलेल्या एक बाई शिवण शिकवत. त्यांनी वही वाचून विचारलं, “हे लोक काम काय करतात?”

मी म्हटलं, दातात दोर धरून होड्या ओढतात.

“मग यांचा राजा मोरूबा कसा? दोर धरून म्हणून बघा.”

मी तोंडात पेन्सिल धरली. म आणि ब काही केल्या निघेनात. ओ-ऊसाठी ओठांचा चंबू करावा, तर पेन्सिल खाली. मी चिडलो, पण बाईंचं खरं होतं.

मग भाषा त्यांनीच घडवली. ओठांचं काम पडेल असा एकही उच्चार नाही. क्रियापद आधी, मग वस्तू, करणारा शेवटी. होडीवर आधी काम ऐकू यायला हवं, कोणी करायचं ते नंतर, असं त्या म्हणाल्या. कारी म्हणजे ओढणं, सेल म्हणजे दोर, ना मी, गी तू. झालेल्या कामाला ओहोटीचा ‘हे’, व्हायच्या कामाला भरतीचा ‘ते’. कारीहे सेल ना: मी दोर ओढला. अनेक असले की शब्द दोनदा. ‘रा’ म्हणजे मूल. हाली म्हणजे लाट, म्हणून नायिका हालीरा. मोरूबाचा झाला सेलरा. चार दिवसांत एवढं! मला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त कौतुक.

बाईंना मराठी शिकवायचं होतं. पण बोलताना त्यांचं ‘न्हाय’ निसटे, म्हणून हेडमास्तर तो वर्ग देत नसत. नाटकाबद्दल हेडमास्तरांनी बाईंना बजावलं, “या बडबडीत एक मुलगी जरी अडली, तर पडदा पाडीन. मग मराठीचं नाव काढू नका.”

बाईंनी मुलींकडून पाठांतर करून घेतलं नाही. नियम शिकवले आणि डबा खातानासुद्धा त्याच भाषेत बोलायला लावलं. मला ते वेडेपणाचं वाटलं.

संमेलनात हालीरा म्हणाली, “कारीते सेल ना,” मी दोर ओढीन. हालीराच्या आईची भूमिका करणारी मुलगी पुढचं वाक्य विसरली. हेडमास्तरांचा हात पडद्याच्या दोरीवर गेला.

मुलीने एकदा विंगेत पाहिलं आणि सावकाश म्हणाली, “कारीते सेलसेल ना गी.” सगळे दोर ओढू, मी आणि तू. हालीराने लगेच मान डोलावून दोर उचलले.

नाटक संपल्यावर हेडमास्तर म्हणाले, “आईचं ते वाक्य ऐकायला चांगलं होतं. कोणी लिहिलं?”

“कोनीच न्हाय लिवलं,” बाई म्हणाल्या. “तिचं तिनंच केलं.”

हेडमास्तरांनी त्या मुलीला बोलावून पुन्हा म्हणायला लावलं, अर्थ विचारला. बाईंचं ‘न्हाय’ सुधारायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. जूनमध्ये पाचवीचं मराठी बाईंकडे आलं.