कुलपासकट उचललेलं गेट

मंडळी, निरोपाच्या पोस्टमध्ये आधी गोड बोलायचं असतं हे मला माहीत आहे. पण तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. गोळ्या अर्धवट सोडल्या म्हणून मी भर ओपीडीत कुणाकुणाची काय काय काढली, ते तुमच्या लक्षात असेलच. तेव्हा आधी भांडण करून घेते, आभार नंतर.

परवा संध्याकाळी गावच्या ग्रुपवर मी चार ओळी टाकल्या होत्या. बदली झाली, आई अंथरुणाला खिळली आहे म्हणून मीच मागून घेतली, सगळ्यांचे आभार, उद्या दुपारच्या गाडीने निघते. खाली तुमचे हात जोडलेले आणि फुलांचे गुच्छ येत राहिले. मी बाई खूश! म्हटलं, गावाने समजून घेतलं.

काल सकाळी शेजारच्या केंद्राचे डॉक्टर चार्ज घ्यायला आले. औषधांचा साठा मोजला, लशींचा फ्रिज बघितला, किल्ल्या घेतल्या, सह्या झाल्या. नवीन नेमणूक होईपर्यंत तेच आठवड्यातून दोनदा येणार आहेत. त्यांच्याकडे आधीच दोन केंद्रं आहेत, त्यामुळे ते चहासुद्धा उभ्यानेच पिऊन गेले. त्या क्षणापासून कागदोपत्री मी त्या दवाखान्याची कुणीही नव्हते. बॅग उचलून दारात आले तर बाहेर साखळी वाजली.

तुम्ही गेटला कुलूप ठोकलं होतं. तेही साधंसुधं नाही, सोसायटीच्या खताच्या गोदामाचं. नवा डॉक्टर हजर झाल्याशिवाय जुन्या डॉक्टरला सोडायचं नाही, असं रात्री पारावर ठरलं म्हणे. आणि कुणाचं मन विरघळू नये म्हणून किल्ली शिष्टमंडळाच्या खिशात घालून जीप थेट बीडला, जिल्हा परिषदेत नवा डॉक्टर मागायला रवाना! आत मी, सिस्टर आणि शिपाईमामा. बाहेर तुम्ही सगळे, आणि गेटला पाठ लावून बसलेल्या बायका. पुढे कोण होतं ते तुम्हाला माहीत आहे. नाव घेत नाही, त्यांना आपण सगळेच आजी म्हणतो.

मी गजांशी जाऊन तोंड सोडलं. "आजी, माझी गाडी चुकेल. माझी आई तिकडे वाट बघतेय."

"तुमच्या आईचं वाईट वाटतंय बाई," आजी म्हणाल्या. "पर इथं बी आया हायेत. तुमी गेल्या की सरकार कुलूप लावणारच हाय. आमी आदीच लावलं."

मला इतका राग आला की मी आत जाऊन बसले. पंखा बंद, कारण वीज नव्हती. बाळंतपणाच्या खोलीतला टँकरच्या पाण्याचा ड्रम तळाला गेलेला. दुपारची गाडी फाट्यावर हॉर्न वाजवून निघून गेली, तो हॉर्न मी आतून ऐकला.

थोड्या वेळाने डेअरीचा टेम्पो आला. दुष्काळाने दूध आटलंय, त्यामुळे चार कॅन होते आणि उरलेल्या जागेत चवाळ्यावर एक बाई आडवी होती. आजींची सून. आठवा महिना. मागच्या तपासणीला तिचं ब्लडप्रेशर वर लागलं होतं आणि दर आठवड्याला ये म्हणून मी बजावलं होतं. पण चारा छावणीत जनावरांची रोज मोजणी होते, दावणीजवळ घरचं माणूस लागतं. नवरा कामाच्या शोधात बाहेरगावी, सासू दवाखान्याच्या गेटवर, मग बैलांपाशी ती एकटीच. सकाळपासून डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे चांदण्या दिसतायत, हे तिने शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली ऊन लागलंय आणि तिला कांद्याचा रस चोळला.

मी गजांतून तिचा चेहरा बघितला. सुजलेला, डोळे एका जागी थिजलेले. मी काही म्हणणार एवढ्यात तिचा हात ताठ झाला आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. दुधाचे कॅन खडखडले. बायकांनी किंकाळी फोडली. कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावायला धावलं, कुणी दातांत चमचा घालायला.

"चप्पल टाक ती! तोंडात काही घालू नका!" मी ओरडले. "डाव्या कुशीवर घ्या तिला. कॅन बाजूला करा. डोकं आपटू देऊ नका!"

आजींनी सुनेला कुशीवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या मध्ये तुमचं कुलूप होतं. अशा झटक्यात बाई जाते, बाळही जातं. पुढचा झटका कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. एक जण दगडाने कुलूप ठेचत होता, पण ते हलत नव्हतं. जीपवाल्यांना फोन लागला, तर ते पार बीडमध्ये पोचलेले. भिंतीवर काचा लावलेल्या, त्याही तुमच्याच ग्रामपंचायतीने. खरं सांगते, त्या मिनिटाला मला तुम्हा सगळ्यांचा द्वेष वाटला.

मग टेम्पोवाला ओरडला, "कुलूप सोडा बे! आख्खं गेटच उचला!"

गेटची दोन्ही दारं बिजागरीच्या खुंट्यांवर नुसती टेकलेली होती. ज्यांनी सकाळी साखळी आवळली होती तेच गडी दोन्ही बाजूंनी भिडले. "हं!" म्हणून एकदा जोर लावला, हललं नाही. दुसऱ्यांदा शिपाईमामाने आतून खांदा दिला. गेट खुंट्यांवरून सुटलं, तसंच कुलपासकट उभं उचलून गड्यांनी बाजूच्या बाभळीला टेकवलं. टेम्पो थेट व्हरांड्यापर्यंत आला.

पुढचं तुम्ही बाहेरून बघितलं नाहीत, म्हणून सांगते. कारण हे तुमच्या घरातही होऊ शकतं. झटका थांबला होता, पण ती शुद्धीवर नव्हती. ऑक्सिजन लावला, तोंडातला फेस पायाने चालणाऱ्या मशीनने ओढून काढला. ब्लडप्रेशर बघून सिस्टरने आकडा माझ्यापुढे धरला. लघवीत प्रथिनं भरपूर. मॅग्नेशियमचं इंजेक्शन, जे झटक्यांवर चालतं, ते पातळ करून आधी शिरेतून द्यायचं, तेही सावकाश. घाई केली तर श्वास बंद पडतो. बाहेर तुमचा आरडाओरडा, आणि मी थेंब थेंब सोडत तिच्या छातीकडे बघत बसलेले. मग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर तेच. ब्लडप्रेशर उतरवायचं औषध शिरेतून. लघवीची नळी. प्रत्येक वेळी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं. पाय उडायचा बंद झाला तर औषध जास्त झालं समजायचं, म्हणून त्याचा उतारा सिस्टरने आधीच भरून ठेवला होता. हात धुवायला ड्रममधलं पाणी संपलं, तेव्हा खिडकीतून घागरी आत यायला लागल्या. कुणाच्या होत्या माहीत नाही. टँकरचं पाणी कसं वाटून घेता ते मला माहीत आहे. त्या घागरी मी विसरणार नाही.

बाळाचे ठोके यंत्राने ऐकू आले तेव्हा सिस्टर रडली. मी तिच्यावर ओरडले. सिस्टर, ते ओरडणं परत घेते.

आता तिला नगरला न्यायचं होतं. ॲम्ब्युलन्स आली, आत एकच डॉक्टर. चिठ्ठीवर सही करताना पेन अडलं, कारण सकाळीच मी पदावरून मोकळी झाले होते. मी नुसतं 'डॉक्टर' लिहिलं. वाटेत पुन्हा झटका आला तर दोन माणसं लागतील म्हणून आजींच्या पाठोपाठ मीही ॲम्ब्युलन्समध्ये चढले. मामांनी माझी बॅग मागे सरकवली, तेव्हा तुमच्यातली ओरड एकदम बंद झाली. मी परत येणार नाही हे तुम्हाला कळलं होतं. कुणी अडवलं नाही. दोन्ही बाजूंना सरकून तुम्ही रस्ता दिलात. हारतुरे, नारळ, भाषण काही नाही. मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिचा श्वास मोजत होते. ते मला फार लागलंय.

कडा गावाच्या पुढे तिने डोळे उघडले आणि विचारलं, "बैलांस्नी पाणी कुणी दावलं?" मी आणि ॲम्ब्युलन्सवाले डॉक्टर हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत.

रात्री सिझर झालं. मुलगी आहे, हलकी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली चांगली. सून बोलते आहे. धोका अजून टळलेला नाही, अजून दोन-तीन दिवस बघायचे आहेत.

आज सकाळी नगरच्या दवाखान्याच्या बाकावर मी ही पोस्ट लिहायला बसले, तेव्हा तुमची हजामत करायचं ठरवूनच बसले होते. कुलपाबद्दल एकेकाला सुनावणार होते. शेजारी आजी येऊन बसल्या. चहा दिला, त्यांनी घेतला नाही.

मग म्हणाल्या, "बाई, एक इचारू? आमी कुलूप लावलं न्हसतं, तर तुमी त्या दुपारच्या गाडीनं गेल्या असत्या ना?"

"हो आजी."

"मंजी माजी सून कुलपानं मरत व्हती, आन् कुलपानंच वाचली."

काल त्या हॉर्नला मी शिव्या दिल्या होत्या. त्या गाडीत मी असते, तर टेम्पो दवाखान्यापर्यंत आला असता, गेट सताड उघडं असतं आणि आत एकटी सिस्टर असती. सिस्टर हुशार आहे, तिने सगळं केलं असतं, पण हात दोनच असतात. आणि शेजारचे डॉक्टर तर सकाळीच निघून गेले होते.

"आता म्होरल्या बाईला कोण?" आजी म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. उत्तर मिळेल म्हणून माझ्याकडे बघत होत्या.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तेव्हा भांडण मागे घेते. सिस्टर, मामा, आशाताई, घागरीवाल्या बायका, गेट उचलणारे आणि कुलूप लावणारे, सगळ्यांचे आभार. गरोदर बाईचं डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चांदण्या आल्या, तोंड सुजलं, छातीखाली दुखलं तर ऊन म्हणू नका. तशीच उचला आणि आणा. बैल एक दिवस थांबतील.

आणि तुमची जीप बीडहून 'बघू' एवढाच शब्द घेऊन आली असं कळलं. मी आज संध्याकाळी आईकडे निघते. तुम्ही मात्र जीप पुन्हा बाहेर काढा. या वेळी पुढारी नकोत, आजींना पुढच्या सीटवर बसवा. त्यांनी मला विचारलेलं 'म्होरल्या बाईला कोण?' हे तिथे साहेबांसमोर त्यांनाच विचारू दे, आणि उत्तर मिळेपर्यंत कुणी तिथून उठू नका.