नीट बोला, म्हणजे उमटेल

आमची कंपनी नाशिकला, सातपूरच्या एका छोट्या इमारतीत. गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई घरभेटीची नोंद मोबाइलवर करतात, त्याचं ॲप आम्ही बनवलं होतं. टाइप करायला त्यांना फार वेळ लागायचा, म्हणून मी त्यात मराठी बोलून लिहायची सोय केली. बोललेलं ओळखणारी यंत्रणा तयारच मिळाली, मी ती ॲपला जोडली. तपासणी आम्हीच केली, ऑफिसातल्या चौघांनी. अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं.

मग सटाण्याकडच्या एका गावात दाखवायला गेले. तिथल्या आशाताई एका बाळंतिणीच्या घरी मला घेऊन गेल्या. बाळाला पाहून त्या फोनमध्ये बोलल्या, "बाळ कालपासून दूध पित नाय."

स्क्रीनवर आलं, 'बाळ कालपासून दूध पिताना.'

ताई हसल्या. "मॅडम, हे तर उलटंच झालं. डॉक्टरांना काय कळणार?"

त्यांनी तीनदा बोलून पाहिलं. तीनदा 'पिताना'च. मला परतीची गाडी गाठायची होती. मी म्हणाले, "ताई, 'नाय' नका म्हणू. 'नाही' म्हणा. नीट बोला, म्हणजे उमटेल."

लगेच बरोबर उमटलं. ताईंनी डॉक्टरांना फोनही लावला आणि बाळाला दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी खूश होऊन निघाले.

पण गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. माझं आजोळ त्याच भागातलं. कॉलेजात मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाले की मुली हसायच्या. 'नीट बोल' हे मी किती ऐकलं होतं! आणि आज तेच मी एका मोठ्या बाईला, तिच्याच गावात, सांगून आले होते. चूक यंत्राची होती आणि सुधारायला मी तिला लावलं.

ऑफिसात सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "काम चाललंय ना?" मी हट्टच धरला. संमती घेऊन त्या भागातल्या बायकांचे आवाज रेकॉर्ड केले, त्या काय बोलल्या ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि यंत्रणेला त्यावर पुन्हा शिकवलं. जिथं यंत्राला शंका वाटते त्या शब्दाखाली रेघ यावी अशी सोय केली. पण चुकीच्या शब्दाचीही त्याला कधी कधी पक्की खात्री असते, म्हणून नोंदीबरोबर मूळ आवाजही डॉक्टरांना ऐकता येईल असं केलं.

नवं ॲप घेऊन पुन्हा त्याच ताईंकडे गेले, त्यांच्याबरोबर दुसऱ्या एका बाळंतिणीच्या घरी. म्हटलं, "ताई, आता घरी बोलता तसं बोला."

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि बातम्या वाचल्यासारखं बोलल्या, "माता आणि बाळ दोघेही ठीक आहेत."

"अहो, तसं नको. तुमच्यासारखं."

"राहू द्या मॅडम," त्या संकोचून म्हणाल्या. "आता फोनपुढं तसं बोलायची लाज वाटते."

शेजारची बाळंतीण पदर सावरून बसली. ताईंचा तो आवाज तिला परका वाटला असावा. मी खाली मान घालून फोनशी काहीतरी करत बसले.