नखानं कोरलेले डोळे

कुपवाडच्या एमआयडीसीत, पाकिटं छापणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनचं काम करते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते आणि सांगणारच.

उंब्रजकडचा एक तरुण गुऱ्हाळवाला आला. गूळ पावडरच्या पाकिटावर त्याला स्वतःच्या मुलीनं काढलेलं चित्र हवं होतं.

"ताई, पोरीनं आमच्या आबांला काढलंय. हेच छापायचं. फकस्त जरा व्यवस्थित करा."

कागदावर मेणखडूनं काढलेली, गूळ कढवायची मोठी काहील होती, जांभळी वाफ होती आणि आजोबांपेक्षा उंच ढवळणी. आजोबांचा चेहरा गडद तपकिरी. खडू इतका दाबून फिरवलेला की पेन्सिलीनं काढलेले डोळे त्यात बुडाले होते. मग पोरीनं नखानं मेण खरवडून डोळे परत काढले होते. दोन वाकड्या पांढुरक्या रेघा. पण माणूस हसतोय हे त्यातूनच कळत होतं.

मी चित्र स्कॅन केलं आणि जेवायला गेले. परत येते तो मालक माझ्याच खुर्चीत बसलेले. त्यांनी स्कॅन एआयला दिला होता. "बघा, मिनटात झालं. तुमी दोन दिवस घालवलं असतं."

पडद्यावर कुठल्यातरी जाहिरातीतला म्हातारा होता. गोरापान, गुलाबी गालांचा, डोक्याला राजस्थानी पगडी. ढवळणी मापात आली होती, वाफ पांढरी झाली होती. नखाच्या रेघा खराबी समजून पुसल्या होत्या आणि त्या जागी दोन चकचकीत बाहुलीचे डोळे बसवले होते.

"ह्यात पोरीचं काय राहिलं?" मी विचारलं.

"कल्पना तिचीच की. आन् चेहरा गोरा केल्यावर गिऱ्हाईक खूशच असतंय."

तिथं माझं डोकं फिरलं. पदवीच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं मला न विचारता गोरं केलं होतं. आई तो फोटो पाव्हण्यांना दाखवते आणि पाव्हणे माझ्याकडं बघून पुन्हा फोटोकडं बघतात. मी म्हटलं, "मालक, खुर्ची सोडा."

मूळ स्कॅन परत उघडला. कागदाचा पिवळेपणा काढला, घडीची रेघ आणि कसलासा तेलकट डाग काढला. मेणखडू कागदाच्या खडबडीत अंगावरून जातो तेव्हा मधेमधे पांढरे ठिपके सुटतात. ते तसेच ठेवले. ते भरले की चित्र प्लास्टिकचं दिसतं. रेघांचा थरथराट सरळ केला नाही. चित्र पाकिटाच्या उंचीला कमी पडत होतं, तर वर वाफ वाढवली, तीही तिच्याच जांभळ्या रेघांचे तुकडे घेऊन. गुळाचं नाव चेहऱ्यापासून लांब, खाली बसवलं. नखाच्या रेघा छपाईत भरून जातील अशी भीती होती, म्हणून तेवढ्याच केसभर रुंद केल्या. बाकी चेहऱ्याला हात लावला नाही.

मंजुरीला गुऱ्हाळवाला मुलीला घेऊन आला. मालकांनी आधी आपलं एआयचं चित्र पुढं केलं. गुऱ्हाळवाल्याला ते आवडलं, हे मी त्याच्या तोंडावर बघितलं. मुलगी टेबलाला हनुवटी टेकून बघत राहिली.

"ह्यो कोण?"

"आगं, आबा न्हवं का."

"आबा कवा असलं हायती?" ती रडली नाही. बापाकडं पाठ करून उभी राहिली. "माझं छापणार म्हणालातासा."

मी माझा नमुना ठेवला. ती वळली, बोटानं चित्रातले डोळे चाचपले आणि म्हणाली, "हितं मी नख मारलं हुतं."

बाप घुटमळला. "ताई, हेच घ्या. पर आबांला एक शेड तरी उजळ करता येईल का? दुकानात बरं दिसतंय."

"येईल. पण आबांना विचारून या. तुम्ही काळे दिसता, ते पाकिटावर चालत नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगा. ते हो म्हणाले तर करते."

मालक खोकले. मला काढून टाकतील असं एक क्षण वाटलं, पण मी नजर हलवली नाही. गुऱ्हाळवाल्यानं नमुन्यावरच्या पोरीच्या बोटाकडं बघितलं. शेवटी म्हणाला, "र्‍हाऊ द्या. हाय तसंच छापा."

तसंच छापलं. आता ते पाकीट मालकांच्या टेबलावर असतं आणि येईल त्या गिऱ्हाईकाला ते सांगतात, "ही आमची एआयची करामत." दरवेळी मी आतल्या खोलीतून ओरडते, "लहान पोरीनं खडूनं काढलंय ते." गिऱ्हाईक हसतं. मालक म्हणतात, ताई जरा तापट हायत.

आहेच.